मीटिंग नको, लिंक पाठव!

पुण्यातल्या आयटीवाल्यांचं वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्ये हलतं, आणि हलवतं कोण, तर न्यूयॉर्क. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका आपली घड्याळं एक तास पुढे करते. न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊची मीटिंग हिवाळ्यात पुण्यात रात्री आठला असते, ती सोमवारपासून संध्याकाळी सातला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा आठला जाते. टीममध्ये लंडनचंही कुणी असेल, तर आणखी गंमत. ब्रिटन घड्याळ बदलतं ते मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे २०२६ मध्ये ८ मार्च ते २९ मार्च असे तीन आठवडे न्यूयॉर्क बदललेलं, लंडन जुन्याच वेळेवर आणि भारत नेहमीप्रमाणे जागच्या जागी! तीन शहरांची एकच मीटिंग, आणि या तीन आठवड्यांत कुणी ना कुणी तासभर आधी किंवा उशिरा येऊन बसतंच.

आता या मीटिंगमध्ये होतं काय ते बघा. बहुतेक वेळा एक जण स्क्रीन दाखवतो आणि "या आठवड्यात हे झालं, हे अडलं" असं सांगतो. बाकीचे दहा जण ऐकतात. माहिती एकाच दिशेने जाते. मग अकरा जणांनी एकाच वेळी बसायची गरज काय? तीन मिनिटांचा व्हिडिओ करा, लिंक टाका, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो बघेल. कल्पना इतकी साधी आहे, पण तिच्या पोटात भन्नाट गोष्टी दडल्या आहेत.

पाच मिनिटांची मर्यादा जुनीच

स्क्रीन रेकॉर्ड करून लगेच लिंक द्यायची, ही सोय अनेकांना कोविडच्या काळात मिळाली. पण टेकस्मिथ या अमेरिकन कंपनीने २००७ मध्येच 'जिंग' नावाचं छोटं सॉफ्टवेअर आणलं होतं. स्क्रीनच्या कडेला एक पिवळा सूर्य दिसायचा, त्यावर क्लिक करून रेकॉर्ड करायचं. व्हिडिओ वेबसाइटवर चढायचा आणि त्याची लिंक आपोआप कॉपी होऊन तयार असायची. तुम्ही फक्त पेस्ट करायची. कमाल लांबी पाच मिनिटं.

पुढे 'लूम' आलं. ही कंपनी २०१५ मध्ये 'ओपनटेस्ट' या नावाने सुरू झाली होती आणि तेव्हा तिचा धंदा वेगळाच होता: वेबसाइट लोकांना वापरायला देऊन त्यांच्याकडून अभिप्राय मिळवून देणं. तो काही चालला नाही. त्यातला व्हिडिओ रेकॉर्ड करण्याचा तुकडा मात्र लोकांना आवडला, तेव्हा जो थॉमस, शाहेद खान आणि विनय हिरेमठ या तिघा संस्थापकांनी तोच उचलून नवं उत्पादन बनवलं. २०१६ मध्ये ते क्रोम ब्राउझरमधलं छोटं एक्स्टेन्शन म्हणून बाहेर आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'जिरा'वाल्या ॲटलासियनने लूम विकत घ्यायचं जाहीर केलं, किंमत ९७ कोटी ५० लाख डॉलर. आणि लूमच्या फुकट योजनेत एका व्हिडिओची मर्यादा कितीची ठेवली होती? पाच मिनिटांचीच!

मला ही मर्यादा मनापासून आवडते. पाच मिनिटांत बसत नाही तो अपडेट नसतो, ते प्रशिक्षण असतं, आणि त्याची तयारी वेगळी करावी लागते.

तुम्ही बोलत असता, तेव्हाच तो पोचत असतो

'थांबवा'चं बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत लिंक हातात येते. एवढा मोठा व्हिडिओ इतक्या झटक्यात चढला कसा?

हिशेब करून पाहू. तीन मिनिटांचा व्हिडिओ, सेकंदाला दोन मेगाबिट या दराने रेकॉर्ड केला. १८० सेकंद गुणिले दोन म्हणजे ३६० मेगाबिट, त्याला आठाने भागलं की ४५ मेगाबाइट. जीमेलला जोडपत्राची मर्यादा २५ मेगाबाइट, म्हणजे ईमेलचा रस्ता इथेच बंद. तुमच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग सेकंदाला पाच मेगाबिट असेल, तर सगळी फाइल चढायला ७२ सेकंद लागतील. रेकॉर्डिंग संपल्यावर ही मोजणी सुरू झाली, तर माणूस कंटाळून दुसऱ्या कामाला लागतो.

म्हणून ही साधनं फाइल पूर्ण व्हायची वाटच बघत नाहीत. ब्राउझरमध्ये `MediaRecorder` नावाची सोय आहे. तिला सांगता येतं की दर काही सेकंदांनी तयार झालेला तुकडा माझ्या हवाली कर. तुम्ही तिसरं वाक्य बोलत असता, तेव्हा पहिल्या वाक्याचा तुकडा सर्व्हरवर पोचलेला असतो. तुम्ही थांबता तेव्हा उरतो फक्त शेवटचा तुकडा. दोन मेगाबिटचं रेकॉर्डिंग आणि पाच मेगाबिटचा रस्ता असल्यावर तुंबायला काही राहतच नाही.

याच युक्तीमुळे एक चमत्कारिक दोषही जन्माला येतो. तुकड्या-तुकड्याने लिहिलेल्या फाइलला सुरुवातीला ठाऊकच नसतं की आपण किती लांब होणार आहोत. त्यामुळे क्रोममधून थेट सेव्ह केलेल्या अशा वेबएम फाइलमध्ये एकूण लांबीची नोंद नसते. ती फाइल तुम्ही उचलून कुणाला पाठवली, तर त्याच्या प्लेअरमध्ये वेळेची पट्टी नीट दिसत नाही आणि दोन मिनिटं पुढे उडी मारायला गेलं की व्हिडिओ हटून बसतो. फाइल खराब झाली असं वाटतं, पण चित्र शाबूत असतं, फक्त मापाची नोंद नसते. लिंक देणारी सेवा सर्व्हरवर फाइल नव्याने बांधून ही नोंद भरते. लिंकवरून बघणाऱ्याला हा त्रास कधी कळतही नाही तो त्यामुळेच.

कॉलवर फाटतो, व्हिडिओत मात्र साफ

गावी गेलेला सहकारी कॉलवर आला की त्याचा आवाज रोबोसारखा होतो आणि चेहऱ्याचे चौकोन पडतात. तोच माणूस, तेच इंटरनेट, पण त्याने रेकॉर्ड करून पाठवलेला व्हिडिओ स्वच्छ दिसतो. कारण दोघांचे नियमच वेगळे आहेत.

बोलणं सहज वाटायचं असेल, तर आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला साधारण १५० मिलिसेकंदांत पोचायला हवा. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयटीयूने, आपल्या शिफारशीत हाच आकडा दिला आहे. त्यामुळे लाइव्ह कॉल ही वेळेवर सुटणारी लोकल असते. आवाजाचं किंवा चित्राचं पाकीट उशिरा आलं, की गाडी त्याच्यासाठी थांबत नाही. ते पाकीट फेकून दिलं जातं आणि त्याच्या जागी पडते ती खरखर. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला अशी घाईच नाही. एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं, पुन्हा हरवलं तर पुन्हा. चढायला दहा मिनिटं लागतील, पण जे चढेल ते पूर्ण चढेल. पावसाळ्यात कोकणातून काम करणाऱ्याला याचं मोल पटकन कळतं.

चित्र बिघडायची एक जागा मात्र इथेही आहे, आणि ती आपल्या बोटांत आहे. व्हिडिओ लहान ठेवण्यासाठी कॉम्प्रेशनमध्ये मुख्यतः मागच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच साठवलं जातं. स्थिर स्क्रीनवर फक्त माउस हलतो, म्हणून स्क्रीनचा व्हिडिओ स्वस्तात पडतो. तुम्ही एक्सेलची शीट सरसर खाली ओढली, की एका क्षणात सगळंच बदलतं आणि अक्षरं धूसर होतात. तेव्हा ओढायचं सावकाश, थांबायचं, मग बोलायचं. आणि ब्राउझरमध्ये झूम १२५ किंवा १५० टक्के करायचं, कारण बघणाऱ्यांपैकी निम्मे मोबाइल उभा धरून बघणार आहेत आणि तुमचा रुंद मॉनिटर तिथे चार बोटं रुंद होतो.

दीडपट वेग, तरी आवाज चिरका नाही

जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट जोरात फिरली की गाणाऱ्याचा आवाज उंदरासारखा व्हायचा. मग आज दीडपट वेगाने व्हिडिओ लावल्यावर टीमलीडचा आवाज तिचाच कसा राहतो? कारण आवाज दाबून आखूड करत नाहीत. त्याचे काही मिलिसेकंदांचे छोटे काप करतात, मधला थोडा भाग गाळतात आणि जिथे दोन कापांच्या लहरी एकमेकींशी जुळतात नेमक्या तिथे ते एकावर एक सरकवून सांधतात. लहरीचा आकार तोच राहतो, म्हणून सूर तोच राहतो. वेर्नर वेरहेल्स्ट आणि मार्क रोलांट्स या दोघांनी १९९३ मध्ये मांडलेली ही 'डब्ल्यूएसओएलए' पद्धत क्रोम ब्राउझर आजही वापरतो. कॉलवर कुणालाच दीडपट वेगाने ऐकता येत नाही, इथे तीन मिनिटं सरळ दोन मिनिटांवर येतात.

तरीही एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. इंग्रजी वाचनावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडून मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ मध्ये काढलेली सरासरी आहे मिनिटाला २३८ शब्द. बोलताना माणूस मिनिटाला साधारण १३० ते १५० शब्द बोलतो. म्हणजे तुमच्या तीन मिनिटांच्या बोलण्यातले चारशे शब्द पावणेदोन मिनिटांत वाचून होतात! नुसतेच शब्द असतील तर लिहिणंच बरं. "सर्व्हर शनिवारी रात्री बंद राहील" हे सांगायला कॅमेऱ्यापुढे बसू नये, समोरच्याचा वेळ जातो. व्हिडिओ कामाचा ठरतो तो दाखवायला काही असतं तेव्हा: माउस कुठे गेला, कोणतं बटण दाबलं, मग स्क्रीनवर काय चुकलं.

एक गुरुवार, पहिल्यापासून शेवटपर्यंत

एक उदाहरण धरून चालू. हिंजवडीत सात जण, न्यूयॉर्कमध्ये चार. एका ऑनलाइन दुकानाचं पैसे परत करण्याचं पान ही मंडळी बनवताहेत. दर गुरुवारी अर्ध्या तासाचा अपडेट कॉल असतो, म्हणजे अकरा माणसांचे मिळून साडेपाच तास. मे महिन्यातल्या एका गुरुवारी हिंजवडीची टीमलीड कॉल रद्द करून व्हिडिओ करायचं ठरवते.

सगळ्यात आधी ती कॉम्प्युटरवरच्या सूचना बंद करते, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब'. हे विसरलं की नेमका बँकेचा ओटीपी किंवा नवऱ्याचा मेसेज कोपऱ्यात उगवतो आणि दहा जण तो वाचतात. मग पूर्ण स्क्रीन न निवडता ती ब्राउझरचा फक्त एक टॅब निवडते. बाकी जे उघडं आहे ते दिसण्याचा प्रश्नच मिटतो. चेहऱ्याचा गोल नेहमी खाली डाव्या कोपऱ्यात बसतो, पण या पानावर 'परत करा'चं बटणही तिथेच आहे, म्हणून ती गोल उचलून वर नेते. शेवटी दहा सेकंदांचं चाचणी रेकॉर्डिंग करून ते ऐकते. तीन मिनिटं बोलून झाल्यावर माइक बंदच होता असं कळणं फार जिवावर येतं. ही दहा सेकंदं खर्चावीतच.

पहिलं वाक्य: "हा व्हिडिओ प्रॉडक्ट आणि पेमेंट टीमसाठी आहे, तीन मिनिटांचा, आणि शेवटी मला तुमच्याकडून एक निर्णय हवाय." नमस्कार-चमत्कार नाही, हवापाणी नाही. बघणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत कळलं पाहिजे की हे माझ्यासाठी आहे की नाही.

मग ती दोष करून दाखवते. एका ग्राहकाने अर्धे पैसे गिफ्ट कार्डने आणि अर्धे क्रेडिट कार्डने भरले. वस्तू परत केली, तर सगळे पैसे क्रेडिट कार्डवर जमा झाले. ती ऑर्डर उघडते, बटण दाबते, चुकीची रक्कम दिसते, तिथे माउस धरून थांबते. चाळीस सेकंदांत जे दिसलं ते लिहायला बसलं असतं तर पानभर झालं असतं आणि तरीही कुणीतरी विचारलं असतं, "पण नक्की कोणती रक्कम?"

शेवटी प्रश्न: मंगळवारी पान सुरू करायचं आणि दोन प्रकारांनी पैसे भरलेल्या ऑर्डरी तूर्त वगळायच्या, की सगळंच एक आठवडा पुढे ढकलायचं?

लिंक ती नुसती टाकत नाही. तिच्यासोबत तीन ओळी लिहिते: विषय काय, दोष किती सेकंदाला दिसतो, आणि "उत्तर शुक्रवारी न्यूयॉर्कच्या दुपारी १२ पर्यंत, म्हणजे पुण्याच्या रात्री साडेनऊपर्यंत; कुणीच काही बोललं नाही तर पहिला पर्याय धरून चालू." ही शेवटची ओळ माझ्या मते सगळ्या व्हिडिओपेक्षा महत्त्वाची आहे. कॉलवर वेळ संपत आली की निर्णय आपोआप होतो. लिंकला तसा दबाव नसतो. तारीख आणि गप्प राहण्याचा अर्थ लिहिला नाही, तर ती चॅटमध्ये वर वर सरकत नाहीशी होते.

व्हिडिओ जातो पुण्याच्या संध्याकाळी सहाला, न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे साडेआठ. तिकडचा पेमेंटवाला चहाबरोबर बघतो आणि एक मिनिट बारा सेकंदांच्या जागी टिप्पणी लावतो: "अर्धीच वस्तू परत केली तरी असंच होतं का?" टिप्पणी त्या क्षणालाच चिकटलेली असल्याने कशाबद्दल विचारलं ते पुन्हा सांगावं लागत नाही. टीमलीड शुक्रवारी सकाळी करून बघते, होतं, आणि चाळीस सेकंदांचा दुसरा व्हिडिओ उत्तरात टाकते. संध्याकाळी न्यूयॉर्कहून येतं: "पहिला पर्याय, पण अर्ध्या परताव्याच्या ऑर्डरीही वगळा." काम झालं. दहा जणांची तीन-तीन मिनिटं आणि तिची तयारीसकट वीस मिनिटं, सगळं मिळून तासाच्या आत.

असं नेहमी होत नाही, आणि बिनसलं की खुणा लवकर दिसतात. किती जणांनी कुठपर्यंत पाहिलं हे अशा सेवा दाखवतात. बहुतेक जण चाळिसाव्या सेकंदाला गळत असतील, तर मुद्दा उशिरा आलाय. व्हिडिओत दिलेलं उत्तरच लोक पुन्हा विचारत असतील, तर त्यांनी तो चालू करून बाजूला ठेवलाय. यादीत नाव आलं म्हणजे समजलं असं नाही. आणि एकाच मुद्द्यावर तिसऱ्यांदा व्हिडिओला उत्तर म्हणून व्हिडिओ आला, की मी म्हणेन सरळ फोन उचला. मतभेद मिटवायला, नव्या कल्पना खेळवायला आणि कुणाचं काम कमी पडतंय हे सांगायला समोरचा माणूस लगेच बोलू शकेल अशीच जागा हवी. त्या गोष्टी रेकॉर्ड करून पाठवणं अन्यायाचं आहे.

लिंक ज्याच्या हाती, व्हिडिओ त्याच्या डोळ्यांसमोर

लूमच्या लिंकच्या शेवटी ३२ अक्षर-अंकांची माळ असते, प्रत्येक जागी सोळांपैकी एक चिन्ह. सगळ्या शक्यता मोजल्या तर ३९ अंकी संख्या होते, त्यामुळे कुणी अंदाजाने तुमची लिंक शोधून काढेल हा धोका जवळपास शून्य. धोका आहे तो फॉरवर्डचा. 'लिंक असलेला कुणीही' ही परवानगी ठेवली आणि ग्राहकाचं नाव-पत्ता दिसणारा व्हिडिओ एका व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, की तो परत बोलावता येत नाही. कंपनीच्या खात्याने लॉगइन केल्यावरच दिसेल अशी परवानगी दोन क्लिकमध्ये लागते. ग्राहकाची खरी माहिती स्क्रीनवर असेल, तर ती लावलीच पाहिजे, किंवा त्याहून बरं म्हणजे रेकॉर्डिंगसाठी खोट्या नावाची चाचणी ऑर्डर ठेवावी.

लिंकवर विसंबणं यूट्यूबलाही नंतर पुरेसं वाटलं नाही. तिथे 'अनलिस्टेड' व्हिडिओ फक्त लिंकवाल्यांनाच दिसतात. या लिंका बनवायची पद्धत यूट्यूबने २०१७ मध्ये अधिक भक्कम केली. मग २३ जुलै २०२१ ला, १ जानेवारी २०१७ च्या आधी चढवलेले सगळे अनलिस्टेड व्हिडिओ त्यांनी सरसकट खासगी करून टाकले. मालकाने मुद्दाम नकार कळवला असेल तेवढेच वाचले. ज्यांनी जुन्या लिंका कागदपत्रांत चिकटवून ठेवल्या होत्या, त्यांच्या लिंका त्या दिवशी उघडेनाशा झाल्या.

म्हणून अपडेटचे व्हिडिओ कुणाच्या खात्यात चढतात हे पहिल्याच दिवशी ठरवावं. वैयक्तिक फुकट खात्यात चढवले, तर ते रेकॉर्ड करणाऱ्यासोबत नोकरी सोडतात. टीमच्या सामायिक खात्यात असले, तर राहतात. आणि दर गुरुवारचा अपडेट कायम ठेवायचंही कारण नाही. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये मीटिंगची रेकॉर्डिंग्ज, कुणी सेटिंग बदललं नसेल, तर १२० दिवसांनी मुदत संपून कचऱ्यात जातात. आठवड्याच्या अपडेटला तेवढी मुदत पुष्कळ झाली. फक्त त्यातला निर्णय, "दोन प्रकारांनी पैसे भरलेल्या आणि अर्ध्या परताव्याच्या ऑर्डरी मंगळवारी वगळल्या", हा त्याच शुक्रवारी टीमच्या कामांच्या नोंदीत अक्षरांनी लिहून ठेवावा, कारण सहा महिन्यांनी तो शोधणारा माणूस शब्द टाकून शोधणार आहे.